आमच्या घरचं लेखी गुंतवणूक धोरण: टक्के, मर्यादा आणि तारखा कशा ठरल्या

माझं वय चौतीस, नवऱ्याचं छत्तीस आणि मुलगी चार वर्षांची, तेव्हाची ही गोष्ट. मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी करते. तो आर्किटेक्ट आहे, व्यवसाय स्वतःचा. माझा पगार ठरल्या तारखेला खात्यात येतो. त्याच्याकडे कधी एकदम तीन लाख येतात, कधी दोन-तीन महिने काहीच येत नाही. साठवत दोघंही होतो, पण पैसा कशासाठी आहे, कुठे ठेवायचा आणि कशात अजिबात घालायचा नाही याबद्दल दोघांच्या डोक्यातले नियम वेगळे होते आणि ते एकमेकांना कधी पूर्ण सांगितलेलेही नव्हते. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं की हे सगळं लिहून काढायचं आणि दोघांनी खाली सही करायची. पेन्शन फंड किंवा मोठे विश्वस्त निधी असं धोरण लेखी ठेवतातच, कारण तिथे पैसा एकाचा नसतो आणि निर्णय घेणारी माणसं बदलत राहतात. आमच्याकडे माणसं बदलणार नव्हती, पण पैसा दोघांचा होता आणि मनं बदलतातच.

पुण्यातल्या एका सेबी-नोंदणीकृत सल्लागारांकडे एकदा जाऊन आलो. ते कमिशन घेत नाहीत, बैठकीची ठरलेली फी घेतात. त्यांनी कुठल्याही योजनेचं नाव सांगितलं नाही. काय काय लिहायचं आणि कोणत्या क्रमाने, एवढंच सांगितलं, आणि एक प्रश्न दिला. तो पुढे येईलच.

पहिलं काम यादीचं. म्युच्युअल फंड आणि डीमॅटमधले शेअर यांच्यासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. पॅनवरच्या सगळ्या फोलिओंचं एकत्रित विवरण ईमेलवर येतच असतं, ते दोघांचं उघडलं. माझ्या भविष्य निर्वाह निधीचं पासबुक पोर्टलवरून घेतलं, बाकीची पासबुकं कपाटातून काढली. यादी अशी झाली: माझा पीएफ ९ लाख, त्याचं पीपीएफ साडेसहा लाख, मुलीचं सुकन्या समृद्धी खातं ३ लाख, एफडी ११ लाख, इक्विटी फंडांमध्ये साडेदहा लाख, थेट घेतलेले शेअर २ लाख आणि सुवर्णरोखे दीड लाख. एकूण साडेत्रेचाळीस लाख. दागिने आम्ही मोजले नाहीत. ते विकायचे नाहीत हे दोघांनाही माहीत आहे, आणि जे विकायचं नाही ते टक्केवारीत घेतलं तर टक्केवारीच खोटी होते. राहतं घरही याच कारणाने बाहेर ठेवलं.

टर्म विमा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा आधीच होता. धोरणात त्याबद्दल एकच वाक्य आहे: या दोन्हींचे हप्ते भरल्याशिवाय त्या वर्षीचा कुठलाही नवा गुंतवणुकीचा रुपया निघणार नाही.

त्यानंतर संकटकाळाचा निधी बाजूला काढला. घरखर्च ५५ हजार आणि गृहकर्जाचा हप्ता २७ हजार, म्हणजे महिन्याला ८२ हजार. दोघांचा पगार असलेल्या घरात सहा महिन्यांचा खर्च ठेवतात. आमच्या एका बाजूचं उत्पन्न लहरी आहे म्हणून आम्ही नऊ महिन्यांचा धरला. तो ७ लाख ३८ हजार येतो, लिहिला साडेसात. हा पैसा एफडीतच राहील, त्याला परताव्याची अपेक्षा नाही, आणि पुढच्या कुठल्याही टक्केवारीत तो मोजला जाणार नाही. उरले बरोबर ३६ लाख.

ध्येयं तीनच लिहिली. त्याला स्वतःच्या ऑफिसची जागा घ्यायची आहे. त्यात आमच्या खिशातले १२ लाख चार वर्षांत उभे करायचे. मुलीचं उच्च शिक्षण चौदा वर्षांनी. आज ज्याला २० लाख लागतील असं धरलं, ते शिक्षणखर्च वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला तर तेव्हा जवळपास ५९ लाख होतात. आणि चोवीस वर्षांनी दोघांची निवृत्ती. गृहकर्ज तोवर फिटलेलं असेल, म्हणून फक्त आजचे ५५ हजार धरले. ६ टक्के महागाईने ते तेव्हा महिना सव्वादोन लाखांच्या जवळ जातात. वर्षाचा तो खर्च गुणिले तीस, म्हणजे आठ कोटी. हा आकडा पहिल्यांदा लिहिला तेव्हा दोघंही गप्प बसलो. चोवीस वर्षांची महागाई खऱ्या रुपयांत मांडलेली आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

ऑफिसचं ध्येय सर्वांत सोपं निघालं. चार वर्षांच्या पैशाला शेअर बाजारात जागा नाही. एफडीतले उरलेले साडेतीन लाख आणि महिना १५ हजारांची आरडी, साडेसहा टक्क्यांच्या हिशेबाने, व्याजावरचा कर जाऊन बारा लाखांच्या थोडं वर जातात. त्याखाली नवऱ्याने स्वतः एक ओळ घातली: जागा महाग झाली तर खरेदी पुढे जाईल, पण हा पैसा इक्विटीत जाणार नाही. मला ती ओळ फार आवडते. ज्याचं स्वप्न आहे त्यानेच ती लिहिली आहे.

आता राहिले दीर्घ मुदतीचे साडेबत्तीस लाख. यात इक्विटी, म्हणजे फंड आणि शेअर मिळून, साडेबारा लाख. म्हणजे साडेअडतीस टक्के. नवऱ्याला वाटत होतं निम्मं तरी असेल, कारण त्याला अकरा योजनांची नावं आठवत होती. योजना अकरा असल्या तरी पीएफ, पीपीएफ आणि सुकन्या मिळून साडेअठरा लाख कर्जरोख्यांच्या बाजूला, म्हणजे ठरावीक व्याजाच्या बाजूला, शांतपणे वाढत बसले होते. सोनं साडेचार टक्के.

इथे सल्लागारांचा प्रश्न आला. ते म्हणाले होते, “तुम्ही किती जोखीम घ्याल ते टक्क्यांत सांगू नका. इक्विटी निम्मी झाली असं धरा. किती लाख रुपये कमी झालेले बघूनही तुम्ही विकणार नाही, तो आकडा दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा. एकमेकांना दाखवू नका.” निम्मी होणं ही काल्पनिक भीती नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या वर होता, मार्च २००९ मध्ये तो सव्वाआठ हजारांच्याही खाली आला, आणि त्या उंचीच्या वर टिकून राहायला २०१४ उजाडलं. २०२० मध्ये तर निफ्टी जानेवारीच्या शिखरापासून मार्चच्या तळापर्यंत दोन महिन्यांत जवळपास चाळीस टक्के पडला.

त्याने लिहिलं दहा लाख. मी लिहिलं सहा लाख.

दहा लाखांचं नुकसान सोसायचं तर इक्विटी वीस लाख हवी, म्हणजे साडेबत्तीस लाखांतले एकसष्ट टक्के. सहा लाख म्हणजे बारा लाखांची इक्विटी, सदतीस टक्के. बाजारात व्यापारी करतात तसं मधला आकडा धरून मोकळं होणं सोपं होतं. पण आमचं त्यावर बरेच दिवस चाललं, आणि ते चाललं हे बरं झालं. त्याचं म्हणणं, आठ कोटी गाठायचे तर इक्विटी सत्तर टक्के पाहिजे. माझं म्हणणं, बाजार पडल्यावर घाबरून विकलं तर त्या सत्तराचा उपयोग काय. शेवटी एका रविवारी त्याने एक्सेलमध्ये दोन्ही बाजू मांडल्या. गृहीतं आम्ही मुद्दाम बेताची घेतली: इक्विटीला ११ टक्के, ठरावीक व्याजाला ७, सोन्याला ६. पीएफला आणि सुकन्येला आज आठच्या वर व्याज आहे, पीपीएफला २०२० पासून ७.१ आहे, पण हे दर सरकार बदलू शकतं, म्हणून सात.

इक्विटी निम्मी, सोनं पाच टक्के, बाकी ठरावीक व्याज, आणि महिना ३५ हजारांची भर चोवीस वर्षं तशीच: शिक्षणाचा खर्च वजा जाता साडेचार कोटी. इक्विटी सत्तर टक्के केली, भर तीच: सव्वापाच कोटी. इक्विटी निम्मीच ठेवली, पण भर दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवली: आठ कोटी.

मी तो तक्ता परत परत तपासला. माझ्या पीएफमध्ये पुढे जमा होणारी रक्कम यात धरलेलीच नव्हती, ती वेगळी. वाद ज्या गोष्टीवर चालला होता ती पाऊण कोटीची होती, आणि ज्या गोष्टीवर आम्ही बोललोच नव्हतो ती साडेतीन कोटींची. तिशीत असताना जमा रकमेपेक्षा पुढे येणारी बचत कितीतरी मोठी असते, म्हणून असं होतं. पन्नाशीत हाच हिशेब उलटेल. तेव्हा जमा रकमेचं वाटप जास्त वजनाचं होईल. म्हणून आमच्या धोरणात सर्वांत वर जो नियम आहे तो वाटपाचा नाही: दर एप्रिलला मासिक गुंतवणूक ८ टक्क्यांनी वाढेल, आणि घरखर्चातली कोणतीही नवी कायमची वाढ त्यानंतर ठरेल.

त्याखाली वाटप: इक्विटी ५०, ठरावीक व्याज ४५, सोनं ५. पन्नास टक्के इक्विटी म्हणजे निम्मी झाल्यास आठ लाखांचं नुकसान. माझ्या सहा लाखांपेक्षा ते जास्त आहे. मी ते मान्य केलं, कारण आपण एकदम पन्नासवर उडी मारणार नव्हतो. अडतीसवरून नव्या पैशाने हळूहळू तिथे पोचणार होतो आणि वाटेत मला सवय होणार होती. तसं लिहिलंही आहे: आज असलेलं काहीही मोडून इक्विटी वाढवायची नाही.

खरं तर मोडायचं म्हटलं तरी मोडता आलं नसतं, आणि या गोष्टीवर मला थोडं थांबायचं आहे, कारण नोकरी करणाऱ्या बहुतेक मराठी घरांचं चित्र असंच असतं. पुस्तकी नियम सांगतो की इक्विटी पडली की ठरावीक व्याजातलं थोडं विका आणि इक्विटी घ्या. चढली की उलटं करा. आमचे साडेअठरा लाख मात्र जवळपास सगळेच कुलूपबंद आहेत. पीएफ निवृत्तीसाठी. पीपीएफमधून सातव्या आर्थिक वर्षापासून काही भाग काढता येतो, पण तोही वर्षातून एकदा आणि मर्यादेत. सुकन्या खात्यातून मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी रक्कम निघते, बाकी मुदतीलाच. कागदावर ५७ टक्के दिसतात, पण बाजार कोसळला त्या महिन्यात त्यातला पैसा हवा तसा हातात येत नाही. म्हणून आमचं संतुलन विकून होत नाही, नव्या पैशाची दिशा बदलून होतं. इक्विटी ४५ च्या खाली असेल तोवर ३५ हजारांतला प्रत्येक रुपया इक्विटीत, आणि पीपीएफ व सुकन्या खात्यांत फक्त खाती चालू राहण्यापुरते वर्षाचे ५०० आणि २५० रुपये. ४५ ते ५५ च्या मध्ये काही करायचं नाही, ठरलेल्या प्रमाणात भर घालायची. ५५ च्या वर गेली तर आधी इक्विटीची एसआयपी थांबवून तो पैसा व्याजाच्या बाजूला वळवायचा. पुढच्या आढाव्यालाही वरच असेल तरच विकायचं. आणि इक्विटी एकदा पन्नासला पोचली की व्याजाच्या बाजूची नवी भर कुलपात नाही घालायची, अल्प मुदतीच्या डेट फंडात, म्हणजे कर्जरोख्यांच्या फंडात, किंवा एफडीत ठेवायची, निदान पाच लाख मोकळे होईपर्यंत. डेट फंडाच्या नफ्यावर आता उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच कर लागतो, करासाठी तो एफडीपेक्षा सरस नाही. पण हवा तेव्हा हवा तेवढा मोडता येतो.

मर्यादांचं पान लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तिथे नातेवाईक येतात.

एफडीतले चार लाख एका पतसंस्थेत होते. बँकेपेक्षा दीड टक्का जास्त व्याज, आणि संचालकांत सासूबाईंच्या माहेरकडचं माणूस. संस्था चांगली चालली होती, तक्रार काहीच नव्हती. पण बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून. सहकारी बँकांनाही ते आहे. पतसंस्थेला ते नाही. म्हणून लिहिलं: एका बँकेत एकाच्या नावावर साडेचार लाखांपेक्षा जास्त ठेव नाही, म्हणजे व्याज धरूनही पाचाच्या आत राहील, विमा नसलेल्या ठिकाणी शून्य. सासूबाईंना मी हे कागद दाखवून सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग मुदत संपेपर्यंत तरी राहू दे गं, मधेच काढलंस तर त्यांना वाईट वाटेल.” तसंच केलं. मुदत संपल्यावर पैसे बँकेत आले, नातं जिथे होतं तिथेच आहे.

थेट शेअर दीर्घ मुदतीच्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत आणि एका कंपनीचे दोन टक्क्यांपर्यंत. आमचे सहा टक्क्यांच्या वर होते आणि त्यातही निम्म्याहून जास्त एकाच कंपनीत. विकायची सक्ती ठेवली नाही. प्रमाण खाली येईपर्यंत नवी खरेदी बंद, एवढंच. फ्युचर्स-ऑप्शन्स शून्य. यावर चर्चा झाली नाही. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात दिसले, तेवढं पुरेसं होतं. इक्विटी फंडांच्या योजना जास्तीत जास्त चार: एक निफ्टी ५० इंडेक्स, एक फ्लेक्सीकॅप म्हणजे लहानमोठ्या सगळ्या कंपन्यांची, एक मिडकॅप म्हणजे मध्यम कंपन्यांची, चौथी जागा रिकामी. अकरावरून चारवर यायला दोन आर्थिक वर्षं घेतली. वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या इक्विटीच्या नफ्यावर दर वर्षी सव्वा लाखापर्यंत कर नाही आणि ही सवलत दोघांना वेगवेगळी मिळते. मार्चमध्ये थोडं आणि एप्रिलमध्ये थोडं विकलं की बहुतेक नफा त्यातच बसतो. वर्षाच्या आतल्या हप्त्यांवर एक्झिट लोड, म्हणजे लवकर विकल्याचं शुल्क, लागतो, ते युनिट मागे ठेवले.

आणि हातउसने. एकाने दुसऱ्याला न विचारता पंचवीस हजारांपर्यंत द्यायचे, त्यापुढे दोघांची संमती, आणि दिलेली रक्कम त्या दिवशीच आपल्या हिशेबातून वजा करायची. परत आली तर नवी जमा. हे कलम लिहिताना मला संकोच वाटत होता. आज त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो, कारण “नाही” म्हणताना कोणा एकाला वाईट व्हावं लागत नाही.

धोरणाची पहिली कसोटी त्या दिवाळीला लागली. मोठ्या दिरांनी सिन्नर रस्त्यावरचा एक प्लॉट आणला. अठरा लाख, ओळखीतला व्यवहार, दोन वर्षांत दुप्पट होईल असं सगळे म्हणत होते. जमीन अजून बिनशेती झालेली नव्हती. आमच्या धोरणात राहतं घर आणि ऑफिस सोडून जमीन-जागेला स्थान नाही, आणि कोणत्याही नव्या गोष्टीला तीस दिवसांची थांबण्याची अट आहे. मी तेवढं सांगून सुटले असते, पण भाऊजींना ते पटलं नसतं. त्यांच्या मनात आमचं भलंच होतं. म्हणून यादीच त्यांच्यापुढे ठेवली. “भाऊजी, तुम्हीच सांगा, अठरा कुठून काढू? पीएफ, पीपीएफ, सुकन्या निघत नाही. ऑफिसचे साडेतीन याच्या स्वप्नाचे आहेत. राहतात संकटाचे साडेसात आणि फंडातले साडेदहा. दोन्ही पूर्ण मोडले की बरोबर अठरा होतात.” ते बराच वेळ कागद बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे प्लॉट येईल, पण याचं एक बिल अडकलं तर घर कशावर चालेल?” नेमकं तेच. दीर्घ मुदतीच्या रकमेच्या निम्म्याहून जास्त पैसा एका सातबाऱ्यावर, आणि तोही गरज पडल्यावर चार-सहा महिने न विकला जाणारा. त्यांनी तो प्लॉट दुसऱ्या एकाबरोबर भागीत घेतला. पुढे त्याचं काय होईल ते होवो. आमच्या ताळेबंदात तो बसत नव्हता, हे त्या प्लॉटच्या किमतीवर अवलंबून नाही.

आढाव्याच्या तारखा दोन: मार्चचा तिसरा रविवार आणि सप्टेंबरचा तिसरा रविवार. मार्च यासाठी की करसवलतीत बसणारी विक्री ३१ तारखेच्या आत आटोपता येते आणि पीपीएफचे पैसे ५ एप्रिलच्या आत भरले की वर्षभराचं व्याज मिळतं. सप्टेंबरच्या बैठकीत फक्त टक्के बघायचे, धोरण उघडायचं नाही. मधल्या काळात बैठक बोलवायची कारणंही लिहिलेली आहेत: नोकरी जाणं, मोठं आजारपण, घरात नवं माणूस येणं, ऑफिसची खरेदी ठरणं. बाजार चढणं किंवा पडणं हे त्या यादीत नाही.

२०२५ मधला मार्चचा तिसरा रविवार धुळवडीनंतर दोनच दिवसांनी आला. निफ्टी सप्टेंबरातल्या २६,२७७ च्या शिखरावरून साधारण पंधरा टक्के खाली होता आणि लहान कंपन्यांचे निर्देशांक त्याहून बरेच जास्त. मी मनाची तयारी करून बसले होते की नवरा एसआयपी चालू ठेवायची म्हणेल आणि मला थांबवावीशी वाटेल. झालं वेगळंच. आठ महिने ३५ हजार टाकूनही इक्विटीचं प्रमाण साडेअडतीसवरून फक्त एकोणचाळीसवर गेलं होतं, कारण जितकं घालत होतो त्यातलं बरंचसं पडझड खात होती आणि पलीकडे पीएफ आपोआप वाढत होता. मला भीती वाटली नाही. रक्कम माझ्या सहा लाखांच्या आकड्याच्या आसपासही कमी झालेली नव्हती. नवऱ्याला मात्र मोह झाला. तो म्हणाला, “संकटाच्या निधीतले दोन लाख आत्ता टाकू, स्वस्तात मिळतंय, सहा महिन्यांत परत भरू.” पडत्या बाजारात फक्त घाबरणंच येतं असं मी समजत होते, हावही येते, आणि ती शहाणपणाच्या आवाजात बोलते. त्या महिन्यात त्याची दोन मोठी बिलं अडकलेली होती, म्हणजे तो निधी ज्यासाठी आहे ती वेळ अगदी दारात होती. धोरणात लिहिलेलं होतं तेवढंच केलं: वाढीचा नियम लागू, ३५ हजारांचे एप्रिलपासून ३७,८००, सगळे इक्विटीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाजार आणखी खाली गेला, तेव्हा तो नवा हप्ता आपोआप गेला.

सप्टेंबरच्या आढाव्यात इक्विटी त्रेचाळीसच्या जवळ होती. सोन्याचा भाव मधल्या काळात इतका चढला की एक ग्रॅमही न घेता आमचं सोनं साडेपाच टक्क्यांवर गेलं. सोन्याला तीन ते सात टक्क्यांची मोकळीक आहे, त्यामुळे काही करायचं नव्हतं. दसऱ्याला घरातून आग्रह झाला तेव्हा आम्ही गुंजभर आपट्याचं सोनं म्हणून एक ग्रॅमचं नाणं घेतलं आणि ते दागिन्यांत धरलं.

धोरण बदलण्याचा नियमही धोरणातच आहे: बदल फक्त मार्चच्या बैठकीत, आधीच्या बैठकीत मांडलेला असेल तरच, आणि दोघांच्या सहीने. सध्या मांडलेला एकच बदल आहे आणि तो त्याच्या उत्पन्नाबद्दलचा आहे. त्याचे सगळे पैसे व्यवसायाच्या खात्यात जमा होतात आणि तिथून तो घरी दरमहा ठरलेले ७० हजार ‘पगार’ म्हणून घेतो. त्या खात्यात दोन महिन्यांच्या पगाराइतकीही शिल्लक राहिली नाही, तर आधी काय थांबवायचं हे आम्ही लिहिलं नव्हतं. त्याचं म्हणणं आधी ऑफिसची आरडी थांबवावी, कारण ती त्याच्या एकट्याच्या ध्येयाची आहे. माझं म्हणणं आधी इक्विटीची एसआयपी निम्मी करावी, कारण चोवीस वर्षांच्या प्रवासात चार महिन्यांची अर्धी भर भरून काढता येते, चार वर्षांच्या प्रवासात येत नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब त्याच एक्सेलच्या नव्या पानावर मांडून ठेवला आहे, सही मार्चमध्ये होईल.